एहरामपासून निरोपाच्या तवाफपर्यंत : हजविधींचा क्रम

हजला प्रथमच निघालेल्या यात्रेकरूजवळ बहुधा एक छोटी पुस्तिका असते. तीत दुआ विपुल असतात, परंतु कोणता विधी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणत्या विधीनंतर करावयाचा, हे त्या दुआंच्या गर्दीतून शोधून काढावे लागते. गावातील वयस्क यात्रेकरू मग ती पुस्तिका आणि प्रवासाचे कागद घेऊन शाळेतील गुरुजींकडे किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत येतात. अशा वेळी कागद वाचून सांगणाऱ्यालाही विधींचा क्रम ठाऊक असणे इष्ट होय. कारण हजमध्ये काय करावे याइतकेच ते केव्हा करावे यालाही महत्त्व आहे.

हा क्रम एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, उदगीरचे एक सेवानिवृत्त शिक्षक व त्यांच्या पत्नी 2025 साली मुंबईहून जेद्दामार्गे मक्केस गेले. दोघेही मराठवाड्यातील बहुसंख्य मुसलमानांप्रमाणे हनफी परंपरेचे. मिना येथील तंबूत त्यांच्या शेजारी चिपळूणचे एक यात्रेकरू आहेत. कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे असतात. या दोन परंपरांत काही ठिकाणी फरक आहे आणि तो नेमका जेथे घोटाळा होतो तेथेच आहे.

आपल्याकडून जाणारे बहुतेक यात्रेकरू ‘तमत्तो’ या प्रकारचा हज करतात. त्यात आधी उमरा पूर्ण करून एहराम सोडावयाचा व हजसाठी तो पुन्हा धारण करावयाचा असतो. पुढील सर्व विवेचन याच प्रकारास धरून आहे.

एहराम कोठे व केव्हा

एहराम म्हणजे दोन पांढरी वस्त्रे, असा सर्वत्र समज आहे. वस्त्रे हे एहरामचे बाह्य रूप होय. एहराम सुरू होतो तो संकल्पाने, म्हणजे नियतने, आणि ‘लब्बैक’ या शब्दाने आरंभ होणाऱ्या तल्बियाच्या उच्चाराने. ‘प्रभो, मी हजर आहे’ असा त्या शब्दाचा भाव आहे. मक्केच्या चहूबाजूंना काही स्थाने ठरलेली आहेत. त्यांना मीकात म्हणतात. हज किंवा उमरा यांसाठी निघालेल्या व्यक्तीने एहरामशिवाय मीकात ओलांडावयाची नाही. पूर्वी मुंबईहून जहाजाने जाणारे यात्रेकरू यलमलमच्या समोर आल्यावर समुद्रातच एहराम बांधीत. 1995 साली ती जलयात्रा बंद झाली. आता विमान जेद्दास उतरण्यापूर्वीच मीकातची रेषा ओलांडते. म्हणून जेद्दास पोचल्यावर एहराम बांधू, असे म्हणणाऱ्यास बहुसंख्य उलेमांच्या मते उशीर झालेला असतो. त्याने मीकातपर्यंत परत जावे, नाहीतर ‘दम’ द्यावा, असा नियम आहे. दम म्हणजे चुकीच्या भरपाईसाठी दिलेला एका शेळीचा किंवा मेंढीचा बळी. हा बळी मक्केच्या हरम हद्दीतच द्यावा लागतो. गावी परतल्यावर बकरा कापून तो दम फिटत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र पैसे पाठवून तेथे इतरांकडून तो देवविता येतो.

आपले गुरुजी मुंबईस नखे व केस कापून, स्नान करून, दोन बिनशिवणीची वस्त्रे धारण करतात: एक कमरेस, एक खांद्यावर. पत्नींचा पोशाख नेहमीचाच. फक्त चेहऱ्यास कापड लागू द्यावयाचे नाही. नियत मात्र ते विमानात बसल्यावर, मीकात येण्याच्या पुरेसे आधी करतात. यात शहाणपण आहे. विमान काही तास रखडले तर एहरामची बंधने तेवढा वेळ आधीच लागू होत नाहीत. ही बंधने म्हणजे केस व नखे न कापणे, सुगंध न लावणे, शिकार न करणे, पतिपत्नीसंबंध वर्ज्य करणे, आणि पुरुषांनी शिवलेले कपडे न घालणे व डोके न झाकणे. प्रत्यक्षात चूक होते ती क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंनी. विमानात मिळणारा अत्तरयुक्त ओला रुमाल, नेहमीचा सुगंधी साबण, झोपेत डोक्यावर ओढलेली चादर! बिनवासाचा साबण घरूनच बांधून घेतलेला बरा. पैसे ठेवण्याच्या कमरपट्ट्यास हरकत नसते.

येथे कागद वाचणाऱ्याने एक गोष्ट अवश्य पाहावी. यात्रेकरूचे विमान जेद्दास जाणार आहे की थेट मदिनेस? मदिनेस आधी जाणाऱ्याने मुंबईत एहराम बांधण्याचे कारण नाही. त्याची मीकात मदिनेबाहेरील जुल-हुलैफा ही होय. मक्केस निघताना तो तेथे एहराम बांधतो.

उमरा : तवाफ आणि सई

मक्केस पोचल्यावर प्रथम काबागृहाचा तवाफ, म्हणजे सात फेरे. मराठी वाचकास ‘प्रदक्षिणा’ हा शब्द सहज सुचतो, पण आपली प्रदक्षिणा देवास उजव्या हाताशी ठेवून होते; तवाफात काबा डाव्या हाताशी असतो. फेऱ्याचा आरंभ व शेवट काळ्या पाषाणाच्या, हजरे अस्वदच्या कोपऱ्यापाशी होतो. त्या रेषेसमोरील भिंतीवर हिरवा दिवा आहे. गर्दीत फेरे मोजण्यास त्याचाच आधार होतो. पाषाणाचे चुंबन घेण्यासाठी धक्काबुक्की करण्याची आवश्यकता नाही, दुरून हात उंचावून संकेत केला तरी पुरे. या तवाफात पुरुषांनी उजवा खांदा उघडा ठेवावा व पहिले तीन फेरे झपाट्याने चालावे, असा प्रघात आहे; गर्दीमुळे जमले नाही तर तवाफ बाधित होत नाही.

काब्याच्या एका बाजूस अर्धवर्तुळाकार बुटकी भिंत आहे. तिच्या आतील जागेस हतीम म्हणतात. जवळचा मार्ग म्हणून तिच्या आतून गेलेला फेरा धरला जात नाही. कारण ती जागा काबागृहाचाच भाग मानली आहे आणि तवाफ गृहाच्या बाहेरून व्हावयाचा असतो.

सात फेऱ्यांनंतर मकामे इब्राहीमच्या मागे, गर्दी असल्यास मशिदीत कोठेही, दोन रकात नमाज, नंतर झमझमचे पाणी, आणि मग सफा व मरवा या दोन टेकड्यांमधील सई. तान्ह्या इस्माईलसाठी पाण्याच्या शोधात हाजरांनी याच टेकड्यांमध्ये धाव घेतली होती, तिचे हे स्मरण आहे. सफापासून मरवापर्यंत एक खेप, मरवापासून सफापर्यंत दुसरी. जाणेयेणे मिळून एक खेप धरणारे लोक चौदा खेपा करून थकून जातात. सातवी खेप मरवेवर संपली तर मोजणी बरोबर समजावी. सफेवर संपली तर कोठेतरी चुकली. हिरव्या दिव्यांमधील टप्प्यात फक्त पुरुष धावत जातात.

सईनंतर पुरुष मुंडण करतात किंवा केस कापतात. स्त्रिया केसांच्या टोकाची बोटाच्या पेराएवढी लांबी कापतात. उमरा पूर्ण झाला. एहराम सुटला. जिल्हज महिन्याच्या 8 तारखेपर्यंत आपले दांपत्य नेहमीच्या कपड्यांत मक्केत राहील.

तारखांविषयी

हजच्या तारखा सौदी अरेबियातील चंद्रदर्शनावर ठरतात आणि आपल्याकडील बकरी ईद बहुधा एक दिवस नंतर येते. 2025 साली तेथे 10 जिल्हज 6 जून रोजी होता, भारतात ईद 7 जून रोजी साजरी झाली. घरच्या दिनदर्शिकेवरून ‘आज ते अरफातला असतील’ असा हिशेब करणारे नातेवाईक म्हणूनच एका दिवसाने चुकतात.

आठवा व नववा दिवस

8 जिल्हज, म्हणजे 4 जून. गुरुजी आपल्या निवासस्थानीच पुन्हा एहराम धारण करून हजची नियत करतात व मिना येथे जातात. या दिवशी मुद्दाम करावयाचा मोठा विधी नाही. दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंतच्या पाच नमाजा तेथे पढावयाच्या असतात. 1997 साली येथील तंबूंना लागलेल्या आगीत शेकडो यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर आगीस दाद न देणाऱ्या कापडाचे तंबू उभारण्यात आले.

9 जिल्हज हा हजचा गाभा होय. अन्य बहुतेक चुकांची भरपाई आहे, अरफात चुकल्याची नाही. या दिवशी माध्यान्ह ढळल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत ज्याने अरफातच्या हद्दीत क्षणभरही पाय ठेवला नाही, त्याचा त्या वर्षीचा हज झाला नाही, मग त्याने बाकी सर्व विधी कितीही निष्ठेने केलेले असोत. म्हणून गंभीर आजारी यात्रेकरूंनाही रुग्णवाहिकेतून अरफातच्या मैदानात आणले जाते.

‘वकूफ’ या शब्दाचा अर्थ थांबणे, उभे राहणे. येथे फेरे नाहीत, खडे नाहीत, बळी नाही. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत प्रार्थना व क्षमायाचना करीत राहावयाचे, एवढाच विधी. जबले रहमत या टेकडीवर चढणे मुळीच आवश्यक नाही. सारे मैदान सारखेच. तंबूत बसून केलेला वकूफ पूर्ण होय, आणि जूनच्या उन्हात तेच हिताचे. 2024 च्या हजमध्ये तीव्र उष्म्याच्या दिवसांत 1,300 हून अधिक यात्रेकरू मरण पावले. त्यांतील बहुसंख्य परवान्याशिवाय आलेले होते व त्यांना तंबूंचा आसरा नव्हता.

हद्दीविषयी मात्र दक्ष राहावे लागते. नमिरा मशिदीचा पुढील भाग अरफातच्या हद्दीबाहेर आहे. प्रवचन व नमाज यांसाठी तेथे बसलेला मनुष्य दिवसभर तेथेच राहिला तर त्याचा वकूफ होत नाही. नमाजानंतर त्याने हद्दीत यावयास हवे. हद्द दाखविणारे मोठे फलक लावलेले आहेत, ते पाहावेत. दुसरी सावधगिरी सूर्यास्ताची. गाड्यांची गर्दी टाळावी म्हणून दुपारीच निघून सूर्यास्तापूर्वी हद्द ओलांडली, तर हनफी मतानुसार दम लागतो. गुरुजींच्या तंबूतील काहींनी दुपारी चारलाच बिऱ्हाड आवरले तरी त्यांनी सातच्या सुमाराच्या सूर्यास्तापर्यंत जागा सोडू नये, हे उचित.

सूर्यास्ताची मगरिबची नमाज अरफातला किंवा वाटेत पढावयाची नाही. ती मुझदलिफा येथे पोचल्यावर, इशाच्या वेळी, इशाबरोबर पढावयाची असते. रात्र उघड्या आकाशाखाली, चटईवर काढावी लागते. खडे येथेच वेचतात. ते हरभऱ्याच्या दाण्याहून थोडे मोठे असावेत. मोठे दगड नकोत. पहिल्या दिवशी 7 आणि पुढील दोन दिवशी 21-21 मिळून 49 खडे लागतात. नेम चुकेल म्हणून चार अधिक घ्यावेत. हनफी परंपरेत पहाटेची नमाज झाल्यावर सूर्योदयापूर्वीचा थोडा काळ मुझदलिफात थांबणे आवश्यक मानले आहे, शाफईंना मध्यरात्रीनंतर क्षणभर असणे पुरते. वृद्ध, आजारी व त्यांच्यासोबतच्या स्त्रियांना लवकर निघण्याची सवलत दोन्हीकडे आहे. म्हणून मध्यरात्रीनंतर बस सुटत असेल तर तीत कोणी बसावे आणि कोणी थांबावे, हे आधीच ठरवावे.

दहावा दिवस : क्रमाचा प्रश्न

6 जून. सर्वाधिक विधी याच दिवशी येतात आणि सर्वाधिक चुकाही. हनफी परंपरेनुसार तमत्तो करणाऱ्याने तीन गोष्टी याच क्रमाने करणे आवश्यक आहे. प्रथम मोठ्या जमऱ्यास सात खडे मारणे, म्हणजे रमी, मग कुर्बानी, मग मुंडण. पहिला खडा फेकताच तल्बिया थांबते. खडे एकेक करून फेकावे लागतात. मूठभर एकदम फेकले तर तो एकच खडा धरला जातो. खडा आता उंच भिंतीवर मारतात व तो खालील कुंडात पडतो. तो कुंडात पडला पाहिजे.

अडचण येते कुर्बानीची. पूर्वी यात्रेकरू स्वतः बळीच्या जागी जात. आता बहुतेक जण आगाऊ पैसे भरून कूपन घेतात. जनावर कोणत्या तासाला कापले गेले हे यात्रेकरूस डोळ्यांनी दिसत नाही. ते कळण्याआधी मुंडण केले आणि कुर्बानी नंतर झाली, तर हनफी मतानुसार क्रमभंग होऊन दम लागतो.

समजा, सकाळी नऊ वाजता दोघा शेजाऱ्यांची रमी झाली. चिपळूणचे यात्रेकरू तेथून परस्पर न्हाव्याकडे जातात, कारण शाफई मतानुसार हा क्रम श्रेयस्कर आहे, अनिवार्य नव्हे. गुरुजी त्यांच्याबरोबर गेले तर मात्र त्यांचे चुकेल. त्यांच्या कूपनवर कुर्बानीची वेळ दुपारी एक असेल, तर त्यांनी एकपर्यंत, किंबहुना खात्रीसाठी त्यानंतरही थोडा वेळ, एहरामातच तंबूत बसावे आणि निरोप मिळाल्यावरच केस उतरवावेत. कूपन घेतानाच वेळ विचारून ती कागदावर लिहून घ्यावी. तंबूतील दुसऱ्याचे पाहून आपणही केले, या एका गोष्टीतून या दिवशीच्या बहुतेक चुका होतात. येथे दोघांचे वागणे निराळे असूनही दोघेही आपापल्या परंपरेप्रमाणे बरोबर असतात. ही कुर्बानी दंडाची नव्हे. एकाच यात्रेत उमरा व हज दोन्ही घडल्याबद्दलची ती कृतज्ञता आहे. ज्याला ती परवडत नाही त्याने दहा रोजे ठेवावयाचे, तीन हजच्या दिवसांत व सात परतल्यावर.

मुंडणानंतर एहरामची बंधने सुटतात, केवळ पतिपत्नीसंबंधाचे राहते. ते सुटते तवाफ-ए-जियारतने. हा तवाफ हजचा दुसरा अनिवार्य स्तंभ होय. तो नेहमीच्या कपड्यांत करता येतो व त्यानंतर हजची सई करावयाची असते. हनफी मतानुसार तो 12 तारखेच्या सूर्यास्तापर्यंत व्हावा. उशीर झाला तर दम, परंतु तवाफ तरीही करावाच लागतो. दम देऊन तो टळत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत येथे विशेष विचार करावा लागतो, आणि संकोचामुळे तो कोणी बोलून दाखवीत नाही. मासिक पाळीत तवाफ करता येत नाही. अरफात, मुझदलिफा, रमी, केस कापणे हे सर्व करता येते. गटातील एखाद्या तरुण स्त्रीस 9 तारखेस पाळी आली, तर तिने बाकी सर्व क्रमाने करावे व शुद्ध झाल्यावर तवाफ करावा. 12 तारीख उलटली तरी या कारणाने तिला दम लागत नाही. मात्र परतीचे विमान त्याआधीच असेल तर प्रश्न गंभीर होतो, कारण हा तवाफ न करता ती परतू शकत नाही. म्हणून अडचण उद्भवताच गटाबरोबरच्या शासकीय सेवकास सांगून प्रवासाची तारीख बदलण्याची खटपट त्याच दिवशी सुरू करावी. परतीच्या आदल्या रात्री सांगून काही होत नाही.

अकरावा व बारावा दिवस

तवाफानंतर पुन्हा मिना. 7 व 8 जून रोजी माध्यान्ह ढळल्यावर तीनही जमऱ्यांना, आधी लहान, मग मधला, मग मोठा, प्रत्येकी सात खडे. पहिल्या दोहोंनंतर बाजूस होऊन दुआ करतात, तिसऱ्यानंतर न थांबता निघतात. 2006 साली जमरातच्या पुलाच्या तोंडाशी झालेल्या चेंगराचेंगरीत 346 जण मरण पावले. त्यानंतर बहुमजली पूल बांधून जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले. 2015 साली मिनाच्या रस्त्यावर दोन जमाव समोरासमोर येऊन पुन्हा मोठी प्राणहानी झाली. प्रत्येक गटास रमीची वेळ ठरवून दिलेली असते ती यासाठी. ती ओलांडून ‘उत्तम वेळ’ साधण्याचा हट्ट धरू नये. चालू न शकणाऱ्याच्या वतीने दुसऱ्यास खडे मारता येतात. केवळ गर्दीची भीती वाटते म्हणून धडधाकट माणसाने प्रतिनिधी नेमू नये.

बारावीस रमी करून मक्केस परतावयाचे असेल तर सूर्यास्तापूर्वी मिनाची हद्द सोडावी. शाफई मतानुसार सूर्यास्त तेथेच झाला तर तेराव्या दिवसाची रमीही आवश्यक होते. हनफींना ती तेरावीची पहाट तेथे उजाडली तरच आवश्यक आहे. राहणाऱ्यास आणखी 21, म्हणजे एकंदर 70 खडे लागतात.

निरोपाचा तवाफ

हज येथे पूर्ण होतो, पण मक्का सोडण्यापूर्वी तवाफ-ए-विदा राहतो. यात एहराम नाही, सई नाही, खांदा उघडा ठेवणे किंवा झपाट्याने चालणे नाही. सात फेरे व दोन रकात नमाज, एवढेच. मक्केतील मुक्कामाचे हे अखेरचे कृत्य असावे. म्हणून तो हज संपताच नव्हे तर निघण्याच्या वेळी करावयाचा असतो. गुरुजींचे विमान वीस दिवसांनी असेल तर 8 जूनलाच तो उरकण्यात अर्थ नाही. सामान बांधून, खरेदी संपवून, बस सुटण्याच्या आधी तो करावा. हजनंतर मदिनेस जाऊन तेथूनच भारतात परतणाऱ्याने तो मदिनेस निघण्यापूर्वी करावा, कारण तो पुन्हा मक्केस येणार नसतो. मदिनेची भेट हा हजचा भाग नाही.

निघण्याच्या वेळी पाळी असलेल्या स्त्रीस हा तवाफ माफ आहे व त्याबद्दल दमही नाही. इतर कोणी तो न करता निघाला तर दम लागतो. गुरुजींच्या पत्नींचे गुडघे सुजले असतील तर तवाफ चाकांच्या खुर्चीतूनही होतो. मात्र ज्या दिवशी बस आहे त्या दिवशी खुर्चीसाठी रांग लागते, हे ध्यानात ठेवून दोन-तीन तास आधी हरममध्ये जावे.